दोन दिवस थांबायला हरकत नाही

"मुलगी ८ वर्षांची, ताप १०१, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, खोकलाही आहे. डॉक्टरांनी घशाचा स्वॅब घेतला, पण रिपोर्ट येईपर्यंत अँटिबायोटिक नाही म्हणाले. दोन दिवस थांबणं धोक्याचं नाही का?"

ताई, डॉक्टरांनी योग्य तेच केलंय. पांढरे ठिपके व्हायरसमुळेही येतात, त्यामुळे नुसत्या त्यांच्यावरून स्ट्रेप, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा घशाचा संसर्ग, ठरत नाही. म्हणून लक्षणांना गुण देणारा सेंटॉर स्कोअर वापरतात, आणि मॅकआयझॅक यांनी त्यात वयाची भर घातली. १००.४ अंशांच्या वर ताप, टॉन्सिलवर सूज किंवा ठिपके, गळ्याच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी, खोकला नसणे आणि ३ ते १४ वय, या प्रत्येकाला एक गुण. तुमच्या मुलीला ताप, ठिपके आणि वयाचे मिळून ३ होतात. खोकला आहे, म्हणून तो गुण नाही. जबड्याच्या कोनाखाली हलकेच दाबून पाहा. गाठ लागून ती कळवळली तर ४.

३ गुणांवर स्ट्रेप निघण्याची शक्यता साधारण तीनात एक, आणि ४ किंवा जास्त असले तरी जेमतेम निम्मी. म्हणजे हा स्कोअर निदान करत नाही, कोणाची तपासणी करायची एवढंच सांगतो.

तुमची खरी भीती स्ट्रेपवर उपचार न झाल्यास येऊ शकणाऱ्या संधिवाताच्या तापाची, त्याने बिघडणाऱ्या हृदयाच्या झडपांची असणार. आपल्याकडे ती रास्तच आहे. पण घसा दुखू लागल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी तो ताप टळतो. रिपोर्टमध्ये स्ट्रेप आला तर मात्र पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचे १० दिवस पूर्ण करा, तिसऱ्या दिवशी ताप उतरला तरीही. लाळ गिळता येईना, तोंड उघडेना किंवा श्वासाला त्रास झाला, तर रिपोर्टची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.