गृहमंत्र्यांचे पाच मेसेज

गणपतीपुळ्याच्या सहलीचे पाच मेसेज बायकोने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. बस किती वाजता, उभं कुठे राहायचं, खोल्या कुणाला कोणत्या, वगैरे. वर आज्ञा : "तिन्ही ग्रुपवर टाका."

पहिल्या मेसेजवर अंगठा दाबून धरला, तो निळा झाला. मग बाकीच्यांवर नुसतं टिचकी मारत गेलो. वर आकडा वाढत होता : दोन, तीन, चार. एवढ्यात सवयीने बॅक दाबलं आणि सगळी निवड पुसली. पुन्हा पहिल्यापासून.

फॉरवर्ड दाबलं. एरवी एका वेळी पाच जणांना पाठवता येतं, पण हे मेसेज बायकोलाच कुणीतरी फॉरवर्ड केलेले होते. असे मेसेज एका वेळी एकाच ग्रुपवर जातात. म्हणजे तीन ग्रुप, तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत पाचही मेसेज पुन्हा निवडा. त्यापेक्षा कॉपी करून चिकटवावं, असा हुशार विचार मी केला.

एकच मेसेज कॉपी केला तर नुसता मजकूर येतो. दोन किंवा जास्त केले की प्रत्येकाआधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव येतं, तेही आपण फोनमध्ये जतन केलेलं. हे मला माहीत नव्हतं. बायकोचं नाव मी "गृहमंत्री" असं जतन केलंय, हे तिला माहीत नव्हतं.

शिवाय आकडा सहा झाला होता, तिकडे माझं लक्ष नव्हतं. सहावा मेसेज होता : "आत्यांना मागच्या सीटवर बसवा, बडबड फार."

चिकटवलं. पाठवलं. आमच्या घरच्या ग्रुपवर.

मग वाचलं. घाईघाईत डिलीट दाबलं. 'सगळ्यांसाठी' की 'फक्त माझ्यासाठी', असा प्रश्न आला आणि घामेजल्या अंगठ्याने 'माझ्यासाठी' निवडलं. खाली काही सेकंद 'अनडू' चमकत होतं म्हणे. मी तेवढ्यात चष्मा शोधत होतो. सगळ्यांसाठी पुसायला जवळजवळ अडीच दिवसांची मुदत असते, पण माझ्या फोनवरून मेसेजच गेलेला. आता पुसणार काय? तो चौतीस जणांच्या फोनमध्ये सुखरूप होता, नव्हता तो फक्त माझ्याकडे.

दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याचा अधिकार ग्रुपच्या अ‍ॅडमिनला असतो. आमच्या ग्रुपची अ‍ॅडमिन एकच. आत्या.

फोन केला. "आत्या, तो मेसेज जरा पुसतेस का?"

"कुठला, गृहमंत्र्यांचा? पुसते की," आत्या म्हणाली. "पण आधी स्क्रीनशॉट काढते. पुसल्यावर स्टार केलेलाही जातो, बाळा."