दुबईची ग्रॅच्युइटी आणि शिरोलीची ग्रॅच्युइटी: हिशेब कुठं चुकतो

“गल्फमध्ये एका वर्षाला एक अख्खा पगार ग्रॅच्युइटी मिळते, इथं फक्त पंधरा दिवस. फक्त तिथं स्वतः राजीनामा देऊ नका, दिला की सगळं बुडतं. इथं तर पाच वर्षं भरेपर्यंत छदामही नाही. पोरांनो, एमआयडीसीत कुजू नका, निघा.”

हा मेसेज कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. जायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण त्यातला हिशेब तपासूनच.

आधी पगाराचं बघू. गल्फ हा एक देश नाही आणि प्रत्येकाचा कायदा निराळा. आपल्याकडची बरीच पोरं यूएईत जातात, म्हणून तिथलाच धरू. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा पगार आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. हा पगार म्हणजे शेवटचा बेसिक. घरभाडं, प्रवास, जेवणाचा भत्ता यात धरत नाहीत. खरी मेख इथंच आहे, कारण एजंट सांगतो तो आकडा सगळे भत्ते धरून असतो.

समजा, शिरोलीचा एक मशिनिस्ट शारजात ६ वर्षं ८ महिने राहिला. हातात महिना २,५०० दिरहम, पण करारात बेसिक १,२००. एका दिवसाचे ४० दिरहम. पहिल्या पाच वर्षांचे १०५ दिवस, पुढच्या १ वर्ष ८ महिन्यांचे ५०, एकूण १५५ दिवस. म्हणजे ६,२०० दिरहम. मेसेजच्या हिशेबानं तो साडेसोळा हजारांची वाट बघत बसला असता. शिवाय बिनपगारी रजेचे दिवस सेवेत धरत नाहीत, त्यामुळं गावी जास्त दिवस राहिलेल्यांचा आकडा आणखी उतरतो.

आता तेवढीच वर्षं शिरोलीत केलेला त्याचा जोडीदार घेऊ. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५,६००, हातात येणारा पगार २१,००० च्या घरात. आपल्याकडचे ते पंधरा दिवस महिन्याच्या तीस दिवसांतले नव्हेत, सव्वीस दिवसांतले. म्हणजे १५,६०० भागिले २६, गुणिले १५, हे झाले वर्षाचे ९,०००. सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेलं शेवटचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून सात वर्षं. एकूण ६३,०००.

दिरहम २३ रुपयांनी धरला तर शारजावाल्याचे १,४२,६०० होतात. रुपयांत तो पुढं आहे, यात वाद नाही. पण स्वतःच्या महिन्याच्या एकूण पगाराशी ताडून बघा: त्याला जेमतेम अडीच महिन्यांचा पगार मिळाला, शिरोलीवाल्याला तीन महिन्यांचा. त्यात पीएफ वेगळाच. मालकाचा १२ टक्के वाटा १५,००० वर धरला तर महिना १,८०० होतात (त्यातला मोठा भाग पेन्शन योजनेत जातो). पगार सगळी वर्षं असाच होता असं मानलं तर ८० महिन्यांचे १,४४,०००, तेही व्याज सोडून. परदेशी कामगाराला यूएईत असा पीएफ नसतो. तिथं जायचं असेल तर महिन्याच्या पगारासाठी जावं, ग्रॅच्युइटीच्या भरवशावर नको.

राजीनाम्याची भीती जुन्या कायद्यातून आली आहे. १९८० च्या कायद्यात राजीनामा दिल्यावर ग्रॅच्युइटीला खरंच कात्री लागायची. फेब्रुवारी २०२२ पासून नवा कायदा आला आणि ती कात्री गेली. एक वर्ष सलग भरलं की राजीनामा दिला तरी पूर्ण हिशेब मिळतो. सौदीत मात्र कपात अजून आहे: स्वतः सोडलं तर दोन वर्षांच्या आत काही नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहात दोन तृतीयांश, दहानंतर पूर्ण. यूएईचा पाहुणा सांगतो म्हणून दम्मामच्या पोरानं राजीनामा टाकू नये.

पाच वर्षांची अट कायम कामगाराला आजही आहे, पण मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर ती लागत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतरच हक्क मिळाला. एमआयडीसीत असे करार पुष्कळ आहेत, तेव्हा नेमणुकीचं पत्र काढून बघा.

जाणाऱ्यांनी एजंटच्या कागदावर विसंबू नये. यूएईच्या कामगार मंत्रालयाच्या ऑफर लेटरवर बेसिक आणि भत्ते वेगळे लिहिलेले असतात, तो बेसिक बघूनच सही करावी. परतताना कंपनी “सगळी देणी मिळाली” अशा कागदावर सही मागते. पैसे खात्यात आल्याशिवाय ती करू नका. करार संपल्यापासून १४ दिवसांत हिशेब मिळायला हवा. नाही मिळाला तर मंत्रालयाकडे तक्रार करता येते, आणि ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यावर निकाल द्यायचा अधिकार मंत्रालयालाच आहे. मात्र तक्रार विमानात बसायच्या आधी केलेली बरी, इथून पाठपुरावा करणं फार जड जातं.