पोदेराच्या ‘बरें मूं?’नं काय होतं?

गोव्यात सायकलवरून दारोदार पाव विकणारा पोदेर म्हाताऱ्यांना ‘बरें मूं?’, म्हणजे ‘बरं आहे ना?’, असं विचारतो. त्यावर फिरत असलेला मजकूर: “नुसतं ‘बरें मूं?’ विचारल्यानं म्हाताऱ्यांचा एकटेपणा जात नाही. उतारवयात घरची माणसं आणि दोन-चार जिवलग असले की पुरे. पोदेराशी, दुकानदाराशी गप्पा म्हणजे टाइमपास. त्यापेक्षा मुलांनी रोज व्हिडिओ कॉल करावा.”

पहिल्या वाक्यात तथ्य आहे, पण अर्धंच. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले. एक भावनिक: जिवाभावाचं माणूस नसल्याचा. दुसरा सामाजिक: आपण कुणाच्या खिजगणतीतच नाही, असं वाटण्याचा. नवरा गेल्यावर रिकामी झालेली जागा पोदेर भरून काढत नाही, आणि तशी अपेक्षाही कुणी ठेवू नये. मात्र दुसऱ्या प्रकारावर या छोट्या विचारपुशीचा उपयोग होतो. दोन्ही दुखण्यांना एकच औषध लावून पाहायचं आणि गुण आला नाही म्हणून ते फेकून द्यायचं, हा या मजकुराचा घोटाळा आहे.

दुसऱ्या वाक्याला उत्तर हुक्सहोल्ड, अँटोनुची आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या अभ्यासात मिळतं. अमेरिकेतल्या चाळिशीपुढच्या ८०२ जणांची माहिती १९९२, २००५ आणि २०१५ अशी तीनदा घेतली होती. ज्यांच्या तोंडओळखी जास्त होत्या, त्यांच्याकडे पुढे जवळची माणसंही जास्त राहिली. उलट दिशेनं मात्र तसं दिसलं नाही. मन प्रसन्न राहण्याशीही तोंडओळखींचा संबंध जवळच्या नात्यांपेक्षा जास्त होता. उदासीच्या बाबतीत दोन्हींत असा फरक आढळला नाही, हेही सांगायला हवं. वयाबरोबर जवळची माणसं जातात, मुलं मुंबईला किंवा आखाताकडे जातात. रिकाम्या जागी नवं कोण येणार, तर आधीपासून ओळखीचं असलेलंच कुणीतरी. ‘दोन-चार जिवलग’ पुरतात ते चौघं आहेत तोवर.

आता टाइमपासचं. डिचोलीतल्या एखाद्या वाड्यावर एकट्या राहणाऱ्या ७८ वर्षांच्या आजी धरा. सकाळी पोदेराचा भोंगा वाजतो, मग मासे विकणारी नुस्तेकान्न हाक मारते, संध्याकाळी पुन्हा पोदेर. म्हणजे दिवसाला तीन भेटी आयत्याच ठरलेल्या. पण घरच्यांनी सोय म्हणून पावाचं महिन्याचं खातं काढलं आणि गेटला पिशवी अडकवली, की पोदेर दोन पाव पिशवीत टाकून पुढे जातो. पाव घरात येतो, भेट मात्र होत नाही. म्हणून पिशवी काढून ठेवावी आणि आजींनी रोज सुटे पैसे देऊन पाव हातात घ्यावा.

पोदेरानंही चालत्या सायकलवरून ओरडू नये. म्हातारपणी आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे ओरडलेलं वाक्य नुसतं गोंगाट होतं. पाय टेकवून, तोंड समोर ठेवून, जरा खालच्या पट्टीत बोलावं. प्रश्न कालच्या बोलण्याला जोडलेला असावा: “आजी, काल गुडघा दुखत होता, आज कसा?” मग उत्तरासाठी थांबावं, घाईत उत्तर तोडलं तर आजी पुढच्या वेळी नुसती मान हलवतील. जुलैत पाऊस पत्र्यावर कोसळत असताना गेटवर हे जमत नाही, तेव्हा सायकल सोप्यापाशी आणावी.

गुण येतोय हे कसं ओळखायचं? आजी उलट प्रश्न विचारू लागतात, ‘पोरगी पास झाली का?’ आणि पाव कुणी घेतला नाही, तर पोदेर शेजारी हाक मारून चौकशी करतो. या दोनांपैकी एकही झालं नाही, तर भेट अजून रुजलेली नाही.

सँडस्ट्रॉम आणि डन यांनी २०१४ मध्ये विद्यार्थ्यांच्या हाती मोजणी यंत्रं देऊन रोजच्या भेटी मोजायला लावल्या. ज्या दिवशी तोंडओळखीच्या माणसांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं झालं, त्या दिवशी त्यांना जास्त आनंदी आणि आपण इथलेच असल्यासारखं वाटलं. ते तरुण होते, ही अडचण खरी. पण फिंगरमन यांनी टेक्सासमधल्या ६५ पुढच्या तीनशेहून अधिक जणांना पाच-सहा दिवस, दर तीन तासांनी विचारणा केली, अंगावर हालचाल मोजणारं यंत्रही लावलं. जवळचे आणि लांबचे असे तऱ्हेतऱ्हेचे लोक भेटले, त्या वेळी त्यांची हालचाल जास्त होती आणि मनही बरं होतं. हे नातं एकाच दिशेचं असेल असं नाही. ज्यांना बरं वाटतं तेही जास्त बाहेर पडतात.

व्हिडिओ कॉल जरूर करा, आईला लेकाचा चेहरा दिसायलाच हवा. फक्त त्यासाठी ती खुर्चीतून उठत नाही; पावासाठी ती गेटपर्यंत जाते. आणि दोन आठवडे झोप, भूक, बोलणं सगळंच कमी झालं असेल, तर ना कॉल पुरेल ना पोदेर, डॉक्टरांना दाखवावं. ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे.