फोन केबल नाकारतो तेव्हा तो नेमकं काय तपासतो?

चार्जिंगला फोन लावला आणि स्क्रीनवर "This accessory may not be supported" असं आलं, की बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: कंपनीने मुद्दाम स्वस्त केबल बंद पाडली. या रागात तथ्य आहे. पण बऱ्याचदा तो चुकीच्या केबलवर, चुकीच्या कारणासाठी निघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आयफोनची लायटनिंग केबल म्हणजे नुसत्या तारा नव्हेत. २०१२ मध्ये आयफोन ५ सोबत ती आली तेव्हापासूनच तिच्या प्लगमध्ये एक चिमुकली चिप असते. प्लगच्या प्रत्येक बाजूला आठ सोनेरी पट्ट्या दिसतात, त्यांतली चौथी आणि आठवी ओळख पटवण्यासाठी आहेत. केबल खोचली की फोन त्यांतल्या एकीवरून चिपला जगण्यापुरती वीज देतो आणि दुसरीवरून विचारतो, तू कोण? चिप मोजक्या बाइट्समध्ये उत्तर देते: मी अमुक प्रकारची केबल, माझ्या डेटाच्या तारा अशा अशा जोड. प्लग सुलटा घातलाय की उलटा, हेही फोनला यातूनच कळतं. उत्तर पटलं, की चिप चार्जरच्या ५ व्होल्टची वाट मोकळी करते. हे सगळं क्षणात उरकतं. चांगल्या केबलच्या उघड्या पट्ट्यांवर एरवी वीज नसते ती याचमुळे, आणि ही रचना मला मनापासून आवडते.

आता गंमत अशी की ही चिप कुणीही बनवून विकायची नाही. ॲपलच्या एमएफआय परवान्याखाली मान्य पुरवठादाराकडूनच ती घ्यायची. ज्यांना ते नको असतं ते नकली चिप घालतात. नकली चिप म्हणजे अपेक्षित प्रश्नांची उत्तरं पाठ करून परीक्षेला बसलेला मुलगा. प्रश्न तेच आले तर पास. २०१३ मध्ये आयओएस ७ आलं आणि फोन अशा केबलबद्दल इशारा देऊ लागला. पुढच्या एखाद्या अपडेटमध्ये तपासणी थोडी जरी बदलली, तरी काल चालणारी केबल आज नापास होते. केबल तीच असते, बदललेला असतो तो परीक्षक.

पण प्रत्येक नकारामागे हे नसतं. एका मैत्रिणीची केबल अशीच "अपडेटनंतर गेली" होती. आधी दुसरी केबल लावून पाहिली. फोन निमूट चार्ज झाला, म्हणजे पोर्ट ठीक होतं. मग तिची केबल उलटी करून खोचली, तर चालली! पुन्हा सुलटी केली, पुन्हा तोच संदेश. फोनच्या पोर्टमध्ये संपर्क एकाच बाजूला असतात, त्यामुळे प्लग उलटा केला की त्याची दुसरी बाजू कामाला लागते. नापास होणारी बाजू उजेडात धरली, तर मधल्या दोन पट्ट्यांवर काळा डाग होता. मधली एक पट्टी चार्जिंगची वीज नेते आणि तिला लागून असलेली ओळखीची. ओलावा, घाम आणि वीज एकत्र आली की तिथला मुलामा झिजतो. चिप अस्सल होती, पण तिच्यापर्यंत प्रश्नच धड पोहोचत नव्हता. अपडेटचा त्यात काही संबंध नव्हता, दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या एवढंच.

दोन्ही बाजूंनी, वेगवेगळ्या केबलींनी हाच संदेश येत असेल, तर पोर्टात डोकवा. खिशातला कापूस तळाशी दाबून बसतो आणि प्लग पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने तो काढा, धातूची सुई मात्र नको. सगळ्या केबली चालतात आणि एकच नवी केबल दोन्ही बाजूंनी नापास होते, तेव्हा नकली चिपवर संशय घ्यायला हरकत नाही.

माझा आक्षेप इथेच आहे. बनावट चिप, मळलेली पट्टी आणि कापूस भरलेलं पोर्ट, या तीन वेगळ्या दुखण्यांना फोन एकच वाक्य ऐकवतो, आणि त्या वाक्यात दोषी ठरते ती केबल. चिप अजिबात बोलली नाही, की बोलली पण उत्तर पटलं नाही, हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि फोनला त्यांतला फरक कळू शकतो. तो स्क्रीनवर दाखवला, तर दहापैकी किती केबली कचऱ्यात जाण्याऐवजी नुसत्या पुसून चालतील, कोण जाणे.

चिप असणं हा गुन्हा नाही. यूएसबी-सीतही ६० वॅटच्या वरच्या केबलला ओळख सांगणारी चिप लागतेच. फरक इतकाच की साध्या केबलला ती लागत नाही, आणि तिथला नियम एकट्या कंपनीचा नाही. २०२३ मध्ये आयफोन १५ यूएसबी-सीवर गेला, पण लायटनिंगचे फोन अजून बऱ्याच जणांच्या खिशात आहेत. त्यांनी संदेश आला की आधी केबल उलटी करून बघावी, मग शिव्या घालाव्यात.