आत्याबाई अकरा पानं उभ्या

माझी एकांकिका चौदा पानांची होती, ती एकतीस पानांची झाली. त्यात नवा प्रसंग एकही नाही, आणि डीटीपीवाला पानावर पैसे घेतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी करवादलो तर कारण कळेल.

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या मंडळाला गणपतीसाठी एकांकिका हवी होती. मी ती गोष्टीसारखी सलग लिहून दिली. दिग्दर्शक म्हणाला, "वाचायला झकास आहे. आता नाटक करून द्या." मी निमूटपणे डीटीपीच्या दुकानात गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "स्वल्प थांबा की सर," आणि त्या थांबण्यातच घात झाला.

शेजारच्या स्टुलावर खानापूरकडचे एक टोपीवाले आजोबा शेताच्या उताऱ्याची झेरॉक्स काढायला बसले होते. त्यांनी माझे कागद न विचारता मांडीवर घेतले. गावच्या यात्रेतल्या नाटकांना त्यांनी आयुष्यभर प्रॉम्प्टिंग केलेलं.

"मास्तर, ह्यात नावं कुठं हाईत?" (मी मास्तर नाही. बँकेतून निवृत्त झालोय.)

"आहेत की. 'तात्या म्हणाले', 'म्हातारा गुरगुरला', 'सुमनचे सासरे उसळले'..."

"ही तिघं जण?"

"एकच आहेत हो."

"मग एकच नाव घाला की! विंगेत झिरोच्या बल्बाखाली मी बोट फिरवतोय. डावीकडं नाव, मग दोन टिंबं, मग वाक्य. बोट नावाव पडाय पायजे. तुमचा म्हातारा गुरगुरंपतोर तिकडं नट घामानं भिजतोय."

मला बोलायला जागा राहिली नाही. मी विषय बदलावा म्हणून माझं सगळ्यांत लाडकं वाक्य वाचून दाखवलं : 'तिन्हीसांजेला दिवा लावताना सुमनला सासऱ्यांना दिलेलं वचन आठवलं, आणि केव्हापासून दारात उभ्या असलेल्या दिनकरनं ते ओळखलं.'

"आठवलं ते कोण बघणार?" आजोबा. "आणि केव्हापासून म्हंजे केव्हा? तुम्ही आत सोडल्याशिवाय त्यो कसा उभारतोय? विंगेत चहा पीत बसंल."

अर्धा तास घासाघीस करून ते असं झालं :

(तिन्हीसांज. सुमन दिव्यापाशी. काडी ओढते, वात न लावता तिच्याकडे बघत राहते. दिनकर डावीकडून येतो, दारात थांबतो. काडी बोटापर्यंत जळते. ती दचकून टाकते.)

दिनकर : तात्यांना दिलेला शब्द आठवला?

आधी मी काडी आपोआप विझवली होती. "मंडपात फॅन असतोय, काडी कवाबी इझतीय," म्हणून ती आजोबांनी जळत ठेवली. 'डावीकडून'वरही अडवलं. डावी कुणाची? प्रेक्षकाची नाही, प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची. मी सगळं खुर्चीत बसून लिहिलेलं, त्यामुळे माझं अख्खं घर उलटं झालं होतं. स्वयंपाकघरातून पोस्टमन येत होता.

मग आजोबा एकदम गप्प झाले. पानं मागेपुढे केली. शेवटी म्हणाले, "पान तीनवर आत्याबाई तांब्या घेऊन आल्यात. हितं पान चौदा. अजून तांब्या हातात."

"त्या गेल्या की मध्येच!"

"कुठं लिवलंय?"

लिहिलं नव्हतं. गोष्टीत माणसाचं नाव घेणं सोडलं की माणूस आपोआप विरून जातो. रंगमंचावर तो तसाच उभा राहतो. दिवसाढवळ्या, पाचशे लोकांपुढे, तांब्यासकट. सुमन आणि दिनकरचं अत्यंत खाजगी बोलणं मी आत्याबाईंच्या साक्षीनं घडवलं होतं.

मी जरा मोठेपणानं म्हणालो, "अहो, अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे. १८८० साली शाकुंतल पुण्यात उभं केलं. नाटक या मातीतच आहे आपल्या."

"असू दे की. पण त्यांची शकुंतला वेळेवर सासरी जात हुती."

दुकानातली चार गिऱ्हाइकं हसली. डीटीपीवाला पोरगा सर्वांत जास्त हसला. तरी या पोरानं सगळी नावं आणि वाक्यं स्पेसबार दाबून दाबून एका रेषेत आणली होती. 'तात्या'चं 'तात्यासाहेब' केलं आणि खालच्या ओळी दारू प्यायल्यासारख्या हलल्या. सरळ दोन रकान्यांचा तक्ता करून एकात नाव, दुसऱ्यात वाक्य टाकलं असतं तर नाव कितीही वाढलं तरी वाक्य जागचं हललं नसतं. हे मी सांगितलं, तर "असंच चालतंय सर." चालतंय कसलं? बिघडलेली सहा पानं पुन्हा छापली, आणि तीही माझ्याच हिशेबात.

आत्याबाईंना पान चारवर '(तांब्या ठेवून आत जातात)' एवढ्या चार शब्दांत वाटेला लावलं. त्या भूमिकेसाठी धरलेल्या वहिनींचा परवा फोन आला. काम कमी झालं म्हणून रुसल्यात.

बिल घरी येऊन नीट बघितलं. एकतीस पानं, वाया गेलेली सहा, आणि शेवटी : उतारा, झेरॉक्स, दोन प्रती.