कोहळं, जावाई आणि दहा मिनिटं

आमच्या वरुडकडच्या गावांत घरातल्या बाईनं अख्खं कोहळं फोडायचं नसतं. पहिला घाव पुरुषाचा. त्यानं एकदा दोन फाकी करून दिल्या की पुढं बाईनं त्याची भाजी करावी, बोंडं तळावीत, कोणाची काही हरकत नाही. म्हणजे ज्या हातानं वर्षभरात कांदा चिरलेला नाही, त्याच हातात स्वयंपाकघरातलं सगळ्यात टणक, गोल आणि निसटतं फळ द्यायचं, आणि रोज दोन वेळा भाजी चिरणारीनं ताट घेऊन बाजूला उभं राहायचं. हा नियम ज्यानं केला त्यानं स्वतः कधी कोहळं फोडलं नसावं.

आखाजीला आमचे हे लाइन आली म्हणून मोटर सुरू करायला वावरात गेलेले. घरात पुरुष एकच, नणंदेचे यजमान. सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या जी जावाई, पोरगा येईन ना आता." पण सासुरवाडीत जावयाला "राहू द्या" म्हटलं की तो राहू देत नाही. "कोहळ्याले काय घाबरता आई? आना इकडं सुरी!"

आता आमच्या सुरीबद्दल. या सुरीनं दुधाची पिशवी कापतात, युरियाच्या पोत्याची सुतळी कापतात, शेगडीवरचं करपलेलं खरवडतात आणि मिक्सरचा स्क्रूही पिळतात. भाजी चिरायला पावशी आहेच, म्हणून सुरीची धार कोणी बघत नाही. उलट, "बोथट आहे, लागत नाही" म्हणून ती पोरांच्याही हातात जाते. खरं तर बोथट सुरीच जास्त लागते. धारेची सुरी जागेवर उतरते. बोथट सुरीला अंगाचा जोर द्यावा लागतो, आणि ती निसटली की तो सगळा जोर हातावर येतो. धार ओळखायला पिकलेला टमाटा पुरे. सुरी नुसती ओढल्यावर साल कापली गेली तर धार आहे, टमाटा दबला तर नाही. आमच्या सुरीनं टमाट्याची चटणी झाली असती.

जावयांनी कोहळं फरशीवर ठेवलं, आशीर्वाद दिल्यासारखा त्याच्यावर डावा हात ठेवला आणि उजव्या हातानं सुरी घुसवली. ती दोन बोटं आत जाऊन अडकली. त्यांनी ती पिळली. कोहळं त्या बाजूला लोळलं, सुरी सुटली आणि डाव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या बुडाशी चांगली खोल शिरली.

पुढच्या मिनिटभरात गल्ली आत आली. शेजारच्या काकूंनी हळदीचा डबा आणला. समोरच्या आजोबांनी कंबरेची चुन्याची डबी काढली. कोणी चुलीतली राख म्हणालं, कोणी रॉकेल. एक पोरगा कॉफीची पुडी आणायला पळाला, आणि आमच्या गल्लीत कॉफी कोणी पीत नाही, तरी पुडी निघाली. बोंडांना लागणार नाही एवढं साहित्य जमलं.

मी गावची आशा. एरवी गोळ्या न्यायला सगळे माझ्याकडे येतात, पण रक्त दिसलं की प्रत्येकाला स्वतःची डॉक्टरकी आठवते. मी डबे बाजूला सारले आणि आधी जावयांना भिंतीला टेकवून खाली बसवलं, कारण त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. रक्त बघून भोवळ येते, आणि उभा माणूस पडला तर डोकंही फुटतं. मग त्यांच्या बोटातली अंगठी काढली. बोट सुजल्यावर ती निघत नाही, मग कापावी लागते.

धुतलेल्या सुती लुगड्याचा तुकडा घडी करून जखमेवर ठेवला, तळव्यानं घट्ट दाबला आणि त्यांचा हात छातीच्या वर उचलून धरला. "आता दहा मिनिटं कोनी उघडून पाहाचं नाही." हे सांगणं सोपं, पाळणं महाकठीण. दीड मिनिटात सासूबाई म्हणाल्या, "थांबलं का, पाहू बरं." नणंद म्हणाली, "जरासं उचल ना वहिनी." उचललं की आत गोठू लागलेलं रक्त कापडासोबत निघतं आणि दाबणं पुन्हा पहिल्यापासून. कापड ओलं झालं तेव्हा मी ते काढलं नाही, वरून दुसरी घडी ठेवून आणखी जोरात दाबलं. आजोबा बोटाला सुतळी करकचून बांधा म्हणत होते. तसं बांधलं तर बोटाचं रक्तच बंद होतं. तळव्याचा दाब पुरतो. दाबूनही रक्त उसळत राहिलं असतं तर मी १०८ ला फोन लावायला सांगणार होते.

भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं झाली. एवढा वेळ घरातले सगळे एका दिशेला बघताना मी फक्त क्रिकेटच्या शेवटच्या ओव्हरला पाहिले आहेत. रक्त थांबलं होतं, पण जखमेच्या कडा उघड्या होत्या आणि आत पिवळसर चरबी दिसत होती. अशी जखम घरी पट्टी बांधून भरू देत नसतात. मी जावयांना बोटाचं टोक वाकवायला आणि सरळ करायला लावलं, मग डोळे मिटायला सांगून त्या टोकाच्या दोन्ही बाजूंना हळूच स्पर्श केला. बोट वाकलं, स्पर्शही कळला. बोट वाकलं नसतं तर आतली दोरी तुटल्याची शंका, बधिर असतं तर नस कापल्याची. मग साध्या टाक्यांवर भागत नाही, मोठ्या दवाखान्यात जावं लागतं.

स्वच्छ कापड बांधून त्यांना मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली, पाच टाके घातले आणि शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते विचारलं. जावाई म्हणाले, "लग्नाच्या आधी." लग्नाला बारा वर्षं झाली. डॉक्टरांनी तेही टोचलं. मग म्हणाले, "हळद नाही लावली? आज सणाच्या दिवशी माझा अर्धा तास वाचला." जखमेत भरलेली हळद, चुना, कॉफी धुऊन काढल्याशिवाय खोली कळत नाही, आणि ते काढताना पेशंट जसा ओरडतो तसा कापतानाही ओरडलेला नसतो.

आता सुरीची व्यवस्था माझ्याकडे आहे. धार लावून घेतली. ठिबकच्या सोळा मिलिमीटरच्या नळीचा पात्याएवढा तुकडा घेतला, कात्रीनं एका बाजूनं लांब चिरला आणि पात्याच्या धारेवर चढवला. घट्ट बसतो, आणि संत्र्याच्या वावरात असे तुकडे कितीही सापडतात. सुरी खिळ्याला उंच टांगलेली असते. चमच्यांच्या डब्यात पातं वर करून नाही, आणि फेसाच्या पाण्यात भांड्यांखाली तर नाहीच. तिथं ती दिसत नाही, हाताला सापडते. पावशी आडवी करून, पातं भिंतीकडे.

कोहळ्याचाही तह झाला. आता आमचे हे कोहळं आडवं धरून बुडाचा पातळ काप काढतात, तेवढा पहिला घाव. सपाट बूड ओल्या फडक्यावर टेकलं की कोहळं लोळत नाही. मग मी देठाच्या बाजूला टोक रोवून सुरी खाली आणते. अडकली तर पिळत नाही, पात्याच्या पाठीवर लाटण्यानं ठोकते. डावा हात सुरीच्या मागं, पुढं कधीच नाही. सासूबाईंनी हे मंजूर केलं, कारण घाव पुरुषाचा, कष्ट बाईचे, रीत मोडली नाही.

जावयांनी मात्र त्यांच्या गावात सांगितलं की गहू सोंगताना इळा लागला. आखाजीला त्यांच्याकडे वावरात गहू उभा नसतो, हे तिथं कोणी विचारलं नाही.