रेघ टिकली, पण कस कळला का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

«दादा, सोन्याचा कस घरी तपासण्यावरचा तुमचा लेख वाचला, पण तुम्ही उगाच घाबरवताय असं वाटलं. सासूबाईंच्या पाटलीला मी लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही. कसोटीवर घासून रेघेवर नायट्रिकचा थेंब टाकला, रेघ जशीच्या तशी राहिली. म्हणजे २२ कॅरेट सिद्ध झालं ना? मग तपासणीला पैसे कशाला घालवायचे?»

ताई, तुम्ही घासून पाहायची मेहनत घेतलीत, म्हणून सविस्तर लिहितो.

चुंबकाचं आधी उरकतो. चुंबकाला ओढ लागते लोखंडाची, निकेलची. पितळ, तांबं, चांदी, शिसं यांपैकी कशालाच तो चिकटत नाही आणि खोटे दागिने बहुतेक याच धातूंचे असतात. उलट अस्सल सोन्याच्या साखळीचा फासा कधीकधी चिकटतो, कारण आत पोलादी स्प्रिंग असते. तेव्हा चुंबक न चिकटण्यावरून फारसं काहीच ठरत नाही.

नायट्रिकची गोष्ट वेगळी, त्याने खरंच काहीतरी कळतं. पितळेची किंवा तांब्याची रेघ त्यात बघता बघता विरघळते. तुमची टिकली, म्हणजे घासलेल्या जागी वरचा थर तरी सोन्याचा आहे. पण नुसत्या नायट्रिकमध्ये २२ कॅरेटची रेघ टिकते तशी २० ची टिकते आणि १८ ची सुद्धा. बाजारात होणारी फसवणूक मात्र नेमकी याच पट्ट्यात असते. आख्खी पितळेची पाटली सोनं म्हणून खपवणारा विरळा, २२ सांगून २० देणारा जास्त. २० ग्रॅमच्या पाटलीत २२ कॅरेटला सुमारे १८.३ ग्रॅम शुद्ध सोनं असतं, २० कॅरेटला १६.७. दीड ग्रॅमहून जास्त सोन्याचा हा फरक तुमच्या थेंबाला दिसलाच नाही.

सराफ कसोटी वापरतो तेव्हा शेजारी ठरावीक कसाच्या सोन्याची रेघ ओढतो, दोन्हींवर त्या त्या कॅरेटसाठी बनवलेलं आम्ल लावतो आणि कुठली आधी फिकी पडते ते पाहतो. ही तुलना घरी होत नाही. शिवाय रेघ फक्त पृष्ठभागाची. तुकडे जोडायला डाख दिल्यावर दागिना आम्लात टाकून साफ करतात, तेव्हा वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि वरवर कस चांगला दिसतो. जुन्या पाटलीच्या जोडावर हलक्या कसाचा डाख असेल, तर तोही रेघेत येत नाही, पण वितळवल्यावर एकूण कस खाली ओढतो.

घरी काही करायचंच असेल तर आम्लापेक्षा पाणी बरं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर आधी पाटली तोला. मग पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि पाटली दोऱ्याने पूर्ण बुडेल अशी लटकवा, तळाला-काठाला लागू न देता. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितकं तिचं आकारमान घनसेंटिमीटरमध्ये. २० ग्रॅमची भरीव पाटली २२ कॅरेटची असेल तर आकडा १.११ ते १.१४ येईल, चांदीवर मुलामा असेल तर १.९ च्या आसपास, पितळ असेल तर २.३ च्या वर. मुलामा इथे लगेच उघडा पडतो.

पण २० कॅरेटला? त्यात चांदीची भेसळ जास्त असेल तर आकडा साधारण १.१८ येतो. २२ कॅरेटच्या वरच्या टोकापासून फरक अवघा ०.०४ चा आणि नक्षीत अडकलेले हवेचे दोन-चार बुडबुडे तेवढा सहज करतात. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून बुडबुडे कमी होतात, शंका उरतेच. पाटली पोकळ किंवा लाख भरलेली असेल तर हिशोबच लागू नाही, अस्सल सोनंही हलकं ठरेल. टंगस्टनची घनता तर सोन्याइतकीच, तिथे पाणीही फसतं.

एक नजरेचं काम मात्र आजच करा. पाटलीची आतली कड, जिथे मनगटाला घासून झिजते, ती भिंगाखाली पाहा. तिथे लालसर किंवा पांढरट धातू डोकावत असेल तर मुलामा आहे. आणि नायट्रिक पुन्हा घरात आणू नका: तांब्यावर पडलं की तपकिरी वायू निघतो, तो फुप्फुसांना घातक आहे.

नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो, तो BIS Care अ‍ॅपमध्ये ‘Verify HUID’ इथे टाकून पाहता येतो. सासूबाईंच्या जुन्या पाटलीवर तो नसेल. तिच्यासाठी बीआयएसमान्य हॉलमार्किंग केंद्र गाठा. तिथलं क्ष-किरण यंत्रही वरचाच थर वाचतं, तेव्हा आत वेगळं काही असल्याची शंका असेल तर आगीवरची कस-परीक्षा मागा. त्यासाठी छोटासा तुकडा कापावा लागतो, म्हणून दागिना मोडायचा नसेल तर ती करू नका. मोडायचा असेल तर कसाचा लेखी दाखला आधी घ्या, मगच सराफाकडे भावाचं बोला.